साहेब रजेवर, टपाल टेबलावर

सांगलीतल्या एका सीएंच्या ऑफिसात मी गेली काही वर्षं कॉम्प्युटरचं काम बघतो. पाच माणसांचं ऑफिस. साहेब, अकाउंट्स बघणाऱ्या मॅडम, रिसेप्शनवरच्या ताई आणि आर्टिकलशिप करणारी दोन मुलं. परवापरवापर्यंत सगळ्या ऑफिसचा मिळून एकच फुकटचा जीमेल पत्ता होता. त्याचा पासवर्ड ताईंच्या मॉनिटरच्या कडेला पिवळ्या चिठ्ठीवर लिहून चिकटवलेला. कुणीही यावं, उघडावं, उत्तर द्यावं.

अडचण आली ती दोन टप्प्यांच्या पडताळणीपासून. लॉगिन करताना कोड साहेबांच्या मोबाइलवर जायला लागला. साहेब सुनावणीला मुंबईला गेले की फोन बंद, आणि ऑफिसची टपालपेटीही बंद. मग पोरांनी आपला मार्ग काढला. ज्या पक्षकाराचं काम आपल्याकडे, त्याला आपलाच ईमेल द्यायचा. वर्षभर हे छान चाललं.

मग तासगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्याच्या जीएसटी नोंदणीत गाडी अडली. अधिकाऱ्याने जागेच्या पुराव्याबद्दल खुलासा मागितला. या नोटिशीला आरईजी-०३ म्हणतात, आणि तिला कामकाजाच्या ७ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. व्यापाऱ्याने सोमवारी नोटीस पाठवली ती थेट काम बघणाऱ्या मुलाच्या ईमेलवर. मुलगा शनिवारपासून परीक्षेच्या रजेवर. व्यापारी निर्धास्त, कारण त्याने पाठवली होती. ऑफिस निर्धास्त, कारण त्यांना माहीतच नव्हतं. पुढच्या बुधवारी मुदत संपली, अर्ज फेटाळला गेला आणि सगळे कागद पुन्हा लावून नवा अर्ज करावा लागला.

साहेबांनी मला बोलावलं तेव्हा त्यांना वाटत होतं की ईमेल बिघडलाय. ईमेल शाबूत होता, ऑफिसची आवक-जावक वही गेली होती. जुन्या ऑफिसात टपाल कुणाच्याही नावाने येवो, आधी आवक वहीत चढायचं, नंबर पडायचा, मग टेबलावर जायचं. कारकून रजेवर गेला तरी वहीत नोंद राहायची. ईमेल आला तेव्हा आपण लिफाफा आणि पोस्टमन ठेवला, वही मात्र टाकून दिली. ती परत आणण्याची आजची सोय म्हणजे सामायिक मेलबॉक्स, शेअर्ड मेलबॉक्स.

ऑफिसने स्वतःचं डोमेन घेतलं आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ची वर्गणी भरली. इथेच पहिली चूक होणार होती. साहेबांनी पाच माणसांचे पाच आणि `office@` या पत्त्याचा सहावा, असे सहा परवाने मागवायला सांगितले होते. सहाव्याची गरज नसते. मायक्रोसॉफ्टमध्ये सामायिक मेलबॉक्स हा वेगळाच प्रकार आहे. ५० जीबीपर्यंत त्याला परवाना लागत नाही. तो वापरणाऱ्या प्रत्येक माणसाकडे मात्र स्वतःचा परवाना हवा.

बनवायला पाच मिनिटं लागतात. ॲडमिन सेंटरमध्ये डावीकडे `Teams & groups`, त्याखाली `Shared mailboxes`, मग `Add a shared mailbox`. नाव द्यायचं, पत्ता द्यायचा आणि सदस्य जोडायचे. इथून जोडलेल्या सदस्याला दोन अधिकार आपोआप मिळतात. एक, पेटी उघडून सगळं वाचण्याचा. दुसरा, त्या पत्त्यावरून पाठवण्याचा, ज्याला `Send as` म्हणतात. तिसरा एक अधिकार असतो, `Send on behalf`. त्यात पत्र घेणाऱ्याला ‘अमुक यांनी ऑफिसच्या वतीने’ असं दिसतं. साहेबांना पहिल्यांदा हाच बरा वाटला. पण मग पक्षकार त्या अमुकचंच नाव लक्षात ठेवतो आणि पुढचं पत्र त्यालाच लिहितो. ज्या रोगावर औषध शोधतोय तोच रोग. म्हणून `Send as` ठेवलं.

ताईंनी विचारलं, “आणि याचा पासवर्ड काय?” पासवर्ड नाहीच, हेच यातलं खरं सुख. प्रत्येक जण आपापल्या नावाने, आपापल्या पासवर्डने आत येतो आणि त्याच्या आउटलुकमध्ये स्वतःच्या पेटीखाली ऑफिसची पेटी दिसते. आतल्या बाजूला या पेटीचं एक खातं यंत्रणेने तयार केलेलं असतं, पण त्याचं थेट लॉगिन बंदच ठेवायचं. आर्टिकलशिप संपवून मुलगा गेला की सदस्यांच्या यादीतून त्याचं नाव काढलं, झालं. चिठ्ठी बदलायला नको, चौघांना नवा पासवर्ड सांगायला नको.

नाव जोडल्याबरोबर पेटी दिसली नाही तर घाबरू नका. डेस्कटॉपवरच्या आउटलुकमध्ये ती आपोआप यायला तासभरही लागू शकतो. त्या तासात तीनदा काढून तीनदा जोडणारे लोक मी पाहिलेत. ब्राउझरवर घाई असेल तर फोल्डरांच्या यादीवर उजवी क्लिक करून ती हाताने जोडता येते.

पेटी सुरू झाली आणि दुसऱ्याच दिवशी मॅडमचा फोन आला. “अहो, काल मी या बँकेला उत्तर दिलं, आज पुन्हा या पोरानेही दिलं. दोन वेगवेगळे आकडे गेले!” हा सामायिक पेटीचा सगळ्यात नेहमीचा घोटाळा. मूळ व्यवस्थेत, ऑफिसच्या पत्त्यावरून तुम्ही उत्तर पाठवलं तरी त्याची प्रत तुमच्या स्वतःच्या ‘सेंट’मध्ये पडते, ऑफिसच्या नाही. आवक सगळ्यांना दिसते, जावक ज्याची त्यालाच. म्हणजे अर्धीच वही. ॲडमिन सेंटरमध्ये त्या मेलबॉक्सच्या पानावर `Sent items` असा पर्याय आहे, तिथे प्रत ठेवण्याची खूण केली की झालं. कमांडने करायचं असेल तर एक्स्चेंजच्या पॉवरशेलमध्ये ही एक ओळ पुरते:

```
Set-Mailbox office@example.com -MessageCopyForSentAsEnabled $true
```

यापुढे जाणारी पत्रंच ऑफिसच्या ‘सेंट’मध्ये उतरतात, आधीची येत नाहीत. म्हणून हे पहिल्याच दिवशी करावं. मी विसरलो होतो, हे इथे कबूल करतो.

दुसरा घोटाळा जास्त गनिमी आहे. सामायिक पेटीत ‘वाचलेलं’ आणि ‘न वाचलेलं’ ही खूण सगळ्यांची मिळून एकच असते. ताईंनी सकाळी सवयीने सगळी पत्रं उघडून पाहिली की बाकी चौघांना ती ठळक अक्षरांत दिसतच नाहीत. जो तो समजतो, कुणीतरी बघितलंय. बेदाणेवाल्याची नोटीस या पेटीत आली असती तरी अशीच बुडू शकली असती, फक्त यावेळी पाच जणांच्या साक्षीने.

यावर यंत्रात उपाय थोडा आहे, ऑफिसच्या शिस्तीत जास्त. आउटलुकमध्ये प्रत्येक पत्राला रंगीत वर्ग लावता येतो, `Categories`. आम्ही पाच नावांचे पाच वर्ग केले. पत्र आलं की ताई ते ज्याचं त्याच्या नावाने रंगवतात. आवक क्रमांक टाकून टेबलावर पाठवण्याचंच हे काम. रंग लागला म्हणजे जबाबदारी ठरली. काम पुरं झालं की ज्याने केलं त्याने पत्र ‘झालं’ नावाच्या फोल्डरमध्ये हलवायचं. त्यामुळे इनबॉक्समध्ये जे उरतं ते बाकी. आणि ज्याला रंगच नाही, ते पत्र कुणाचंच नाही, म्हणून ते सगळ्यात धोक्याचं. संध्याकाळी घरी जाण्याआधी बिनरंगी एकही पत्र राहता कामा नये, एवढा एकच नियम साहेबांनी केला. वाचलेलं की न वाचलेलं, याकडे बघणंच आम्ही सोडून दिलं.

एक बारीक गोष्ट. जुन्या पद्धतीच्या आउटलुकमधून सामायिक पेटीतलं पत्र पुसलं, तर ते बहुधा पुसणाऱ्याच्या स्वतःच्या कचरापेटीत जातं. ऑफिसच्या कचरापेटीत शोधून ते सापडत नाही आणि लोक म्हणतात, ईमेल गायब झाला. आधी पाचही जणांच्या कचरापेट्या बघा.

जुन्या जीमेल पत्त्याचं काय? तो बंद करायचा नाही. कित्येक पक्षकारांच्या नोंदणीत तोच पत्ता दिलेला असतो आणि सरकारी संदेश तिथेच येत राहतात. जीमेलच्या सेटिंग्जमध्ये `Forwarding and POP/IMAP` इथे नवा पत्ता दिला की एक खात्रीचा कोड नव्या पेटीत येतो. तो टाकला की जुन्या दारातून येणारं टपालही नव्या टेबलावर पडू लागतं.

ज्यांना पैसे भरायचेच नाहीत, जीमेलवरच राहायचं आहे, त्यांनीही पासवर्ड वाटू नये. `Accounts and Import` या भागात `Grant access to your account` असा पर्याय आहे. साध्या जीमेलमध्ये १० जणांपर्यंत असा प्रवेश देता येतो. ते स्वतःच्या खात्यातून तुमची पेटी उघडतात, वाचतात, उत्तर देतात, पुसतातही. पासवर्ड मात्र त्यांना बदलता येत नाही. दोन-तीन माणसांच्या दुकानाला हे पुरतं.

आता सहीकडे येऊ. पत्राच्या खाली आपोआप येणारी नाव-पत्त्याची पट्टी, म्हणजे सिग्नेचर. कागदाच्या काळातला रबरी शिक्काच म्हणा. या ऑफिसात पाच माणसांच्या पाच तऱ्हा होत्या. एकाच्या सहीत गुलाबाचं फूल, एकाची निळ्या तिरप्या अक्षरांत, आणि साहेबांची सही म्हणजे लेटरहेड छापणाऱ्याकडून करून घेतलेलं एक अख्खं चित्र. दिसायला देखणं. पण बऱ्याच लोकांच्या आउटलुकमध्ये अनोळखी पत्रातली चित्रं आपोआप उघडत नाहीत, त्यामुळे सहीच्या जागी एक रिकामी चौकट दिसते. चित्रातला फोन नंबर मोबाइलवर बोट लावून लागत नाही, कॉपीही होत नाही. वर असं चित्र पुष्कळदा `image001.png` नावाने जोडपत्र म्हणून सोबत जातं. दहा वेळा उत्तर-प्रत्युत्तर झालं की प्रत्येक पत्राला पिन लावलेली दिसते, आणि खरी नोटीस नेमकी कुठल्या पत्राला जोडली होती ते शोधताना डोळे फिरतात.

आम्ही साधी मजकुराची सही ठरवली. पहिल्या ओळीत माणसाचं नाव आणि काम. दुसऱ्या ओळीत ऑफिसचं नाव. तिसऱ्या ओळीत ऑफिसचा दूरध्वनी, माणसाचा मोबाइल नाही. चौथी ओळ ही सगळ्यात कामाची निघाली:

*कृपया कामाची सर्व कागदपत्रे office@ या पत्त्यावरच पाठवावीत.*

पत्ता अर्थातच पूर्ण लिहायचा. सहा महिन्यांत लोकांची सवय बदलली ती याच ओळीने. कुणालाही वेगळं पत्र लिहून कळवावं लागलं नाही.

नवीन आउटलुकमध्ये सेटिंग्जच्या `Accounts` भागात `Signatures` सापडतं, जुन्यात `File`, `Options`, `Mail`, `Signatures` असा रस्ता आहे. तिथे नव्या पत्रासाठी एक आणि उत्तरासाठी दुसरी सही ठेवता येते. उत्तरासाठी फक्त नाव आणि ऑफिसचं नाव ठेवा. दर उत्तराखाली चार ओळी चढत गेल्या की मजकूर सहीतच बुडतो. सामायिक पत्त्यावरून लिहिताना कुठली सही आली आहे ते पाठवण्याआधी बघायचं. जुन्या आउटलुकमध्ये सही खात्याशी बांधलेली असते. वरचा ‘फ्रॉम’ बदलला म्हणून खालची सही बदलेलच असं नाही. मोबाइलवरच्या ॲपची सही तर वेगळीच ठेवावी लागते. नाहीतर कॉम्प्युटरवरून ‘सनदी लेखापाल’ आणि फोनवरून नुसतं ‘ओके’, असा प्रकार होतो.

मराठी सहीबद्दल एक सांगायलाच हवं. डीटीपीवाल्याने जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप करून दिलेलं नाव तुमच्या कॉम्प्युटरवर ठीक दिसेल, समोरच्याकडे मात्र रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा जाईल. नाव युनिकोडमध्येच टाइप करा आणि स्वतःच्या मोबाइलवर पाठवून बघा. आणि तुमची संस्था प्रायव्हेट लिमिटेड असेल, तर कंपनी कायदा २०१३च्या कलम १२ प्रमाणे व्यावसायिक पत्रांवर नाव, नोंदणीकृत पत्ता, सीआयएन, दूरध्वनी आणि ईमेल लागतो. ईमेललाही पत्र मानून हे सगळं सहीत घालणं शहाणपणाचं. तिथे चार ओळींचा माझा आग्रह मी मागे घेतो.

राहिली रजेची पाटी. ऑफिसात नसताना आपोआप जाणारं उत्तर. सीए साहेबांची समजूत अशी होती की हे उत्तर चालू केलं की पत्रं आपोआप दुसऱ्याकडे वळतात. पुष्कळांची असते. पत्रं कुठेही जात नाहीत, रजेवरच्या माणसाच्या पेटीतच पडून राहतात. फक्त पाठवणाऱ्याला कळतं की दार बंद आहे. पण त्या बेदाणेवाल्याला सोमवारी एवढं कळलं असतं तरी ७ दिवस हातात होते. म्हणून या उत्तरात ‘मी नाही’ यापेक्षा ‘तुमचं पत्र कुठे पाठवा’ हे ठळक हवं. मुलाने पुढच्या रजेला लावलेलं उत्तर असं होतं:

*नमस्कार. मी १ ते २० तारखेपर्यंत रजेवर आहे. या काळात हा ईमेल वाचला जाणार नाही. मुदत असलेली नोटीस किंवा कागदपत्रे असतील, तर कृपया ती office@ या पत्त्यावर पुन्हा पाठवावीत. तेथे रोज पत्रे पाहिली जातात.*

पहिल्या मसुद्यात त्याने ‘शक्य तितक्या लवकर उत्तर देईन’ असं लिहिलं होतं. ते काढायला लावलं. रजेवरचा माणूस उत्तर देणार आहे असं वाचलं की पाठवणारा वाट बघत बसतो. काढलेली दुसरी गोष्ट म्हणजे सहकाऱ्याचं नाव आणि मोबाइल. हे उत्तर कुणालाही जातं, ठगालाही. साहेब परदेशात आहेत, या तारखेपर्यंत आहेत, पैशाचं काम मॅडम बघतात, एवढी माहिती मिळाली की साहेबांच्या नावाने मॅडमना ‘या खात्यात तातडीने रक्कम भरा’ असं पत्र लिहायला काय लागतं? आउटलुकमध्ये ऑफिसमधल्या लोकांसाठी एक आणि बाहेरच्यांसाठी दुसरा असे दोन मजकूर देता येतात. कुठे, का, कुणाकडे काय, हे आतल्या मजकुरात लिहा. बाहेरच्यांसाठी तारखा आणि ऑफिसचा पत्ता बास.

बाहेरच्यांत पुन्हा दोन पर्याय विचारले जातात, फक्त ओळखीच्या संपर्कांना की सर्वांना. फक्त संपर्कांना ठेवलं तर नवा पक्षकार अंधारात राहतो. या ऑफिसला सर्वांना हेच योग्य होतं.

जुन्या आउटलुकमध्ये हे `File`, `Automatic Replies` इथे असतं, नव्यात सेटिंग्जच्या `Accounts`मध्ये, आणि जीमेलमध्ये `See all settings`, `General` या पानाच्या तळाशी `Vacation responder` नावाने. सुरुवातीची आणि शेवटची तारीख आधीच टाकून ठेवावी. दसऱ्याची पाटी तुळशीच्या लग्नापर्यंत लटकलेली आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. आणि मुलगा काहीच न लावता गेला तर? ॲडमिन सेंटरमध्ये त्या माणसाच्या पानावर, `Mail` या भागात, त्याच्या वतीने उत्तर चालू करता येतं. ही सोय तेव्हा हाताशी असती तर तासगावचं प्रकरण सोमवारीच मिटलं असतं.

सामायिक पेटीवर मात्र ही पाटी एरवी लावायची नाही. पाचांतला एक गेला म्हणून ऑफिस बंद होत नाही. दिवाळीला सगळंच बंद असेल तेव्हाच ॲडमिन सेंटरमधून त्या पेटीला उत्तर लावावं.

सगळं झाल्यावर तपासणी. ताईंनी घरच्या ईमेलवरून मुलाला पत्र टाकलं, उत्तर आलं. हौसेने दुसरं टाकलं, उत्तर आलं नाही. “बंद पडलं बघा.” नव्हतं पडलं. आउटलुकचं उत्तर ते चालू असेपर्यंत एका पाठवणाऱ्याला एकदाच जातं, जीमेलचं साधारण चार दिवसांतून एकदा. यामागे कारण आहे. समजा, दोघंही रजेवर आहेत आणि दोघांचीही यंत्रं प्रत्येक पत्राला उत्तर देतात. मग तुझ्या उत्तराला माझं उत्तर, माझ्याला तुझं, आणि परत येईपर्यंत दोन्ही पेट्या फुटलेल्या. ईमेलच्या नियमकर्त्यांनी २००४ साली आरएफसी ३८३४ नावाच्या दस्तऐवजात यावर शिफारशी लिहून ठेवल्या. यंत्राने दिलेल्या उत्तरावर तशी छुपी खूण असावी, आणि यंत्राने यंत्राला उत्तर देऊ नये, हा त्यांचा गाभा. पुन्हा तपासायचं असेल तर पाटी बंद करून चालू करा, म्हणजे आउटलुक आधीची यादी विसरतं. नाहीतर दुसऱ्या पत्त्यावरून पाठवा.

निघताना मॉनिटरच्या कडेची पिवळी चिठ्ठी काढायला मी हात लावला. जुन्या जीमेलचा पासवर्डही आम्ही बदलला होता, आता तिचा काही उपयोग नव्हता. ताई म्हणाल्या, “राहू द्या हो. वायफायचा पण त्याच्यावरच आहे.”